ध्रुवांजवळचे प्रदेश नकाशावर फुगतात ते नेमके किती : मध्य प्रदेश आणि स्वालबार्ड यांचा हिशेब

मोबाइलवरचा जगाचा सपाट नकाशा उघडावा, त्यात प्रथम आपला मध्य प्रदेश पाहावा आणि मग नजर सरळ वर, नॉर्वेच्याही उत्तरेला, आर्क्टिक महासागरात असलेल्या स्वालबार्ड या द्वीपसमूहाकडे न्यावी. नकाशा पाहून कोणीही सांगेल की हा द्वीपसमूह मध्य प्रदेशाच्या किमान तिप्पट-चौपट असला पाहिजे. वास्तवात मध्य प्रदेशाचे क्षेत्रफळ ३,०८,००० चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे आणि स्वालबार्डचे सुमारे ६१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे तो आपल्या राज्याचा जेमतेम पाचवा हिस्सा आहे. ही तफावत कोणाच्या निष्काळजीपणामुळे पडलेली नाही. ती एका ठरावीक नियमाने पडते आणि तो नियम कळला की आकडेमोड करून ती दूरही करता येते.

गोलाचा पृष्ठभाग कोणत्याही युक्तीने विकृतीशिवाय सपाट करता येत नाही, हे कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये वक्र पृष्ठांविषयी मांडलेल्या सिद्धांतातून निघते. त्यामुळे पृथ्वीचा नकाशा काढणाऱ्याला अंतर, दिशा, आकृती आणि क्षेत्रफळ यांपैकी काय जपायचे आणि काय सोडायचे, हे आधी ठरवावे लागते. गोलावरचे बिंदू कागदावर कोणत्या नियमाने मांडायचे, त्या नियमाला प्रक्षेपण म्हणतात. मोबाइलवर आपण पाहतो ते मर्केटर प्रक्षेपणाचे थोडे सुटसुटीत केलेले रूप आहे. मूळ प्रक्षेपण गेरार्ड मर्केटर यांनी १५६९ मध्ये प्रसिद्ध केले.

आता फुगवटा कोठून येतो ते पाहू. विषुववृत्ताचा परिघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे. तेथून उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जावे तशी अक्षवृत्ते लहान होत जातात आणि ध्रुवावर तर अक्षवृत्त उरतच नाही, केवळ एक बिंदू उरतो. किती लहान, याचे माप त्या अक्षांशाचा कोसाइन देतो. इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि या अंशाचा कोसाइन ०.९२ भरतो, त्यामुळे इंदुरातून जाणाऱ्या अक्षवृत्ताची लांबी सुमारे ३७,००० किलोमीटर होते. ६० अंशांवर ही लांबी विषुववृत्ताच्या बरोबर निम्मी, म्हणजे २०,००० किलोमीटर उरते. स्वालबार्डचे मुख्य गाव लाँगयिअरब्येन ७८.२ अंशांवर आहे आणि तेथे ती ८,२०० किलोमीटरांच्या आसपास येते.

मर्केटरच्या आयताकृती नकाशात मात्र ही सर्व अक्षवृत्ते सारख्याच लांबीच्या आडव्या रेषा म्हणून काढलेली असतात, कारण त्यात सर्व रेखावृत्ते एकमेकांना समांतर आणि उभी ठेवायची असतात. म्हणजे ३७,००० किलोमीटरांची रेषा ४०,०७५ इतकी ताणली जाते, आणि ८,२०० किलोमीटरांची रेषाही तेवढीच ताणली जाते. इंदूरजवळ हा ताण १.०८ पट आहे, जो डोळ्यांना जाणवतही नाही. ६० अंशांवर तो दुप्पट होतो आणि लाँगयिअरब्येनजवळ ४.९ पट. पूर्व-पश्चिम दिशेतील हा ताण केवळ मर्केटरमध्येच नव्हे, तर सरळ उभी रेखावृत्ते आणि आडवी अक्षवृत्ते असलेल्या प्रत्येक जगाच्या नकाशात असतो.

उत्तर-दक्षिण दिशेचे काय करायचे, हा खरा निर्णयाचा भाग आहे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्या दिशेत काहीही न ताणणे आणि अक्षवृत्ते सारख्या अंतरावर काढणे. तसा नकाशा काढायला सोपा असतो, परंतु त्यात लाँगयिअरब्येनमधील एखादे चौरस मैदान पाचपट रुंद आणि एकपट उंच, असे चपटे दिसेल, तसेच तिरप्या रस्त्यांचे कोन पूर्णपणे बदलतील. समुद्रावरील खलाशाला हे चालण्यासारखे नव्हते. त्याला होकायंत्राची एक दिशा धरून, उदाहरणार्थ ईशान्येच्या दिशेने, सतत जायचे असे आणि तो मार्ग नकाशावर पट्टीने ओढलेल्या सरळ रेषेत यावा, एवढीच त्याची अपेक्षा असे. नकाशावरचा कोन आणि समुद्रावरचा कोन सारखा राहिला तरच हे साधते. म्हणून मर्केटर यांनी प्रत्येक ठिकाणी पूर्व-पश्चिम ताण जेवढा पडतो, तेवढाच ताण उत्तर-दक्षिण दिशेतही मुद्दाम दिला. ६० अंशांवर रुंदी दुप्पट होते, म्हणून उंचीही दुप्पट केली. तेथील चौरस चौरसच राहिला आणि कोनही जपले गेले, पण क्षेत्रफळ दोन गुणिले दोन, म्हणजे चौपट झाले.

ध्रुवांजवळच्या फुगवट्याचे सगळे कारण या एका गुणाकारात आहे. एखाद्या अक्षांशावर लांबी जितक्या पट ताणली जाते, त्या संख्येचा वर्ग केला की तेथील क्षेत्रफळ किती पट मोठे दिसते ते मिळते. सूत्ररूपाने लिहायचे तर, अक्षांश φ असेल तेव्हा क्षेत्रफळाचा ताण असा येतो :

```
1 / (cos φ)²
```

हे सूत्र आपल्या उदाहरणाला लावू. मध्य प्रदेशाचा मध्य साधारण २३.५ अंशांवर धरला, तर कोसाइन ०.९१७ येतो आणि ताण सुमारे १.१९ पट. म्हणजे ३.०८ लाख चौरस किलोमीटरांचे आपले राज्य नकाशावर ३.६७ लाख चौरस किलोमीटरांएवढी जागा घेते. स्वालबार्डचा मध्य ७८.५ अंशांवर धरला, तर कोसाइन ०.१९९ आणि ताण सुमारे २५ पट. ६१ हजार गुणिले २५ केले की सव्वापंधरा लाख येतात. सव्वापंधरा लाखांना ३.६७ लाखांनी भागले की उत्तर चारपेक्षा किंचित अधिक येते, आणि नकाशा पाहून आपण केलेला ‘तिप्पट-चौपट’ हा अंदाज कोठून आला ते समजते. खऱ्या जगात पाचव्या हिश्शाचा असलेला प्रदेश येथे चौपट झाला, म्हणजे एकमेकांच्या तुलनेत वीसपटींहून अधिक फरक पडला. यात भारतीय राज्याचे आकारमान कमी केले गेले असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. तेही थोडे फुगलेलेच आहे. दुसरा प्रदेश त्याहून कितीतरी अधिक फुगला, इतकेच.

या हिशेबात मी एक सवलत घेतली आहे आणि ती नजरेआड करू नये. संपूर्ण प्रदेशासाठी मी मधला एकच अक्षांश वापरला. स्वालबार्डच्या मुख्य बेटाचे दक्षिण टोक ७६.५ अंशांच्या आसपास आहे आणि तेथे क्षेत्रफळाचा ताण सुमारे १८ पट आहे. उत्तरेकडच्या लहान बेटांपाशी, ८०.८ अंशांवर, तो ३९ पट होतो. एकाच द्वीपसमूहाच्या दोन टोकांत दुपटीहून अधिक अंतर पडते. ग्रीनलंडच्या बाबतीत तर दक्षिण टोक जवळजवळ ६० अंशांवर असल्याने तेथे ताण चौपट आहे, आणि उत्तर टोक ८३.६ अंशांवर असल्याने तेथे तो ८० पट आहे. इतक्या लांबट प्रदेशासाठी मधला अक्षांश घेऊन काढलेले उत्तर विश्वासार्ह नसते. त्याचे आडवे पट्टे पाडून प्रत्येकाचा वेगळा हिशेब करावा लागतो.

इंदुरातच दहावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने यावर विचारले, “मामा, मग हा नकाशा आकृती तरी खरी दाखवतो ना?” पुस्तकात तिने तसे वाचले होते. प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर वरच्याच आकड्यांत आहे. मर्केटर नकाशात कोन जपले जातात, त्यामुळे एखाद्या शहराएवढ्या लहान भागाची आकृती अचूक राहते. मोठ्या प्रदेशाची आकृती मात्र राहू शकत नाही, कारण त्याचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा अधिक मोठा केलेला असतो. ग्रीनलंड वरच्या बाजूला एवढे रुंद आणि खांदेबाज दिसते त्याचे एक मोठे कारण हेच आहे. पृथ्वीगोलावर ते पाहिले तर पुष्कळच सडपातळ वाटते. ‘आकृती जपणारे प्रक्षेपण’ हा शब्दप्रयोग पाठ्यपुस्तकांत इतका सैलपणे वापरला जातो की विद्यार्थ्यांचा असा गैरसमज झाला तर त्यांचा दोष नाही.

मर्केटर प्रक्षेपण समजावताना आणखी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. पारदर्शक पृथ्वीगोलाच्या केंद्रात दिवा ठेवायचा, गोलाभोवती कागदाची नळी गुंडाळायची आणि त्या नळीवर पडणाऱ्या सावल्या म्हणजेच हा नकाशा, असे ते चित्र असते. ते दिसायला सुबक आहे, पण मर्केटरचे नव्हे. दिव्याच्या पद्धतीने ८० अंशांचे अक्षवृत्त विषुववृत्तापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या ५.६७ पट उंचीवर पडेल. मर्केटर नकाशात ते २.४४ पट उंचीवर असते. मर्केटरची उंची सावलीने मिळत नाही, बेरजेने मिळते. विषुववृत्तापासून वर जाताना अक्षांशाच्या अगदी बारीक पट्ट्या पाडायच्या, प्रत्येक पट्टीला तिच्या स्वतःच्या ताणाने गुणायचे आणि त्या एकावर एक रचत जायचे. मर्केटर यांनी आपल्या नकाशातील अक्षवृत्तांची अंतरे कशी काढली याची सारणी दिली नव्हती. ती बेरीज करून सारणी छापण्याचे काम एडवर्ड राइट या इंग्लिश गणितज्ञाने केले आणि १५९९ मध्ये ती प्रसिद्ध केली. अंशाच्या साठाव्या भागाएवढी एकेक पट्टी घेऊन त्यांनी ही बेरीज केली होती.

ही बेरीज ध्रुवापर्यंत नेऊ पाहिली तर ती कधी संपतच नाही. ध्रुवावर अक्षवृत्ताची लांबी शून्य आहे आणि शून्य लांबीला कितीही ताणले तरी ४०,०७५ किलोमीटर होत नाहीत, त्यामुळे तेथील ताण अनंत होतो. मर्केटर नकाशात ध्रुव काढताच येत नाही, नकाशा कोठेतरी कापावाच लागतो. मोबाइलवरील नकाशे तो ८५.०५ अंशांवर कापतात. हा विचित्र वाटणारा आकडा केवळ एवढ्यासाठी निवडला आहे की तेथे कापले असता संपूर्ण जगाचा नकाशा बरोबर चौरस होतो आणि त्याचे चार, सोळा, चौसष्ट असे चौरस तुकडे पाडणे सोयीचे जाते. यातून एक परिणाम निघतो, जो मला स्वालबार्डच्या फुगवट्यापेक्षाही अधिक विचार करण्याजोगा वाटतो. अंटार्क्टिका नकाशावर किती मोठी दिसावी हे मर्केटर प्रक्षेपणात भूगोल ठरवत नाही, नकाशा छापणारा ठरवतो. ८० अंशांवर कापला तर एक आकारमान, ८५ अंशांवर कापला तर त्याहून कितीतरी मोठे. तळाशी पसरलेला तो पांढरा पट्टा म्हणजे सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरांचा, गोलसर आकृतीचा एक खंड आहे, हे त्या पट्ट्याकडे पाहून ओळखणे अशक्य आहे.

चौरस नकाशाची उंची कोणाच्या वाट्याला किती येते तेही पाहण्यासारखे आहे. कर्कवृत्त आम्हा माळव्यात राहणाऱ्यांना परके नाही. उज्जैन जिल्ह्यातील डोंगला येथे त्याच कारणाने वेधशाळा उभारली आहे, आणि इंदूर त्या रेषेच्या थोडे दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधाच्या आत येते. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधला हा पट्टा पृथ्वीच्या एकूण पृष्ठभागाच्या जवळजवळ ४० टक्के आहे. मोबाइलवरच्या नकाशात त्याला उंचीचा केवळ १३ टक्के भाग मिळतो. याउलट ७० अंशांच्या पलीकडचे दोन्ही ध्रुवांकडील प्रदेश मिळून पृथ्वीच्या ६ टक्के आहेत आणि नकाशाचा सुमारे ४५ टक्के भाग त्यांनी व्यापलेला असतो. जगाच्या नकाशातील जवळजवळ निम्मी शाई अशा प्रदेशांवर खर्च होते, जेथे मनुष्यवस्ती नावापुरतीच आहे.

हे सर्व माहीत असताना मोबाइलच्या नकाशांनी हेच प्रक्षेपण का स्वीकारले, हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर असे की ते नकाशे मुख्यतः जग पाहण्यासाठी केलेलेच नाहीत. इंदुरात राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत जायचे असेल तर पडद्यावर दिसणारा भाग काही किलोमीटरांचा असतो आणि तेवढ्या अंतरात ताण सर्वत्र जवळजवळ सारखा राहतो. रस्ते जेथे काटकोनात मिळतात तेथे काटकोनच दिसतो, उत्तर दिशा नेहमी सरळ वर असते, आणि हीच व्यवस्था इंदुरात जशी चालते तशी लाँगयिअरब्येनच्या रस्त्यांवरही चालते. क्षेत्रफळ जपणारे आणि आयताकृती असे दुसरे प्रक्षेपण घेतले असते तर उत्तर नॉर्वेतील प्रत्येक चौक तिरका आणि चपटा दिसला असता. नकाशा लहान करत संपूर्ण जगापर्यंत नेला की मगच दोष उघडा पडतो. गूगलने २०१८ मध्ये संगणकावरच्या आपल्या नकाशात, तो पुरेसा लहान केला की सपाट कागदाऐवजी गोल दिसेल, अशी सोय केली.

सपाट नकाशावर हा ताण प्रत्यक्ष पाहण्याचा एक साधा मार्ग आहे. ज्या नकाशात कोपऱ्यात मापपट्टी दिसते, तो इंदूरवर आणून ठेवावा आणि मापपट्टीची लांबी व तिच्यावरचा आकडा टिपून घ्यावा. मग नकाशा लहान-मोठा न करता केवळ सरकवत लाँगयिअरब्येनपर्यंत न्यावा. पडद्यावरची जी लांबी इंदूरजवळ १०० किलोमीटर दाखवत होती, तीच तेथे सुमारे २२ किलोमीटर दाखवू लागेल, कारण दोन ठिकाणांच्या ताणांमध्ये साडेचार पटींचा फरक आहे. भिंतीवरच्या छापील मर्केटर नकाशाच्या तळाशी मात्र बहुधा एकच मापपट्टी असते आणि ती विषुववृत्तापुरतीच खरी असते. शाळेत मुले ती पट्टी वापरून रशियाच्या उत्तर किनाऱ्याची लांबी मोजतात तेव्हा उत्तर अनेकपटींनी चुकते. माझ्या मते अशा नकाशावर एकच मापपट्टी छापणे ही त्याच्या फुगवट्यापेक्षा मोठी चूक आहे, कारण फुगवटा अटळ आहे आणि मापपट्टी टाळता येते.

हाती आलेला नकाशा कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्यासाठी डावीकडच्या कडेवरील अक्षांशांचे आकडे पाहावेत. विषुववृत्तापासून वर जाताना दोन अक्षवृत्तांमधील अंतर वाढत जात असेल, तर नकाशा मर्केटर किंवा त्याच्या जवळचा आहे आणि ध्रुवांकडचे प्रदेश जोरात फुगलेले आहेत. अंतर सारखे राहत असेल, तर क्षेत्रफळ फुगते, पण वर्गाच्या नव्हे, एकपट ताणाच्या हिशेबाने. अशा नकाशात स्वालबार्ड २५ ऐवजी ५ पट फुगतो. अंतर वर जाताना कमी होत असेल, तर बहुधा तो क्षेत्रफळ जपणारा नकाशा आहे. आकडे नसतील तर ग्रीनलंड आणि भारत यांची तुलना करावी. ग्रीनलंडचे क्षेत्रफळ २१.७ लाख चौरस किलोमीटर आणि भारताचे ३२.९ लाख, म्हणजे खऱ्या प्रमाणात ग्रीनलंड भारताच्या दोन तृतीयांश दिसले पाहिजे.

क्षेत्रफळ जपणाऱ्या नकाशाची कल्पना नवी नाही. योहान लाम्बर्ट यांनी १७७२ मध्ये मांडलेल्या आयताकृती प्रक्षेपणात रुंदी जितकी ताणली जाते, तितक्याच प्रमाणात उंची दाबली जाते, त्यामुळे गुणाकार सर्वत्र एकच राहतो. स्वालबार्डला मग त्याच्या हक्काची ६१ हजारांची जागा मिळते, पण रुंदी पाचपट वाढलेली आणि उंची पाचव्या हिश्शावर आलेली असल्याने तो द्वीपसमूह वरच्या कडेला चिकटलेल्या आडव्या रेघेसारखा होतो. १९७३ पासून गाजलेला पीटर्स यांचा नकाशा याच कुळातला आहे. त्यात ४५ अंशांवर आकृती खरी ठेवली असल्यामुळे मध्य प्रदेश उभा ताणला जातो. उंची रुंदीच्या मानाने जवळजवळ पावणेदोन पट होते. मर्केटरचा नकाशा युरोपला मोठे दाखवण्यासाठी रचला, असा आरोप त्या काळापासून केला जातो. १५६९ मधील हेतू खलाशांची सोय हाच होता, याबद्दल मला शंका वाटत नाही. परंतु समुद्रप्रवासासाठी केलेला नकाशा वर्गाच्या भिंतीवर जगाचे चित्र म्हणून टांगणे हा वेगळा निर्णय आहे आणि त्याची जबाबदारी मर्केटर यांच्यावर टाकता येत नाही.

आयताचा आग्रह सोडला तर तडजोड अधिक बरी होते. २०१८ मध्ये बोयान शाव्रिच, टॉम पॅटरसन आणि बर्नहार्ड येन्नी यांनी तयार केलेल्या ‘इक्वल अर्थ’ या प्रक्षेपणात रेखावृत्ते वक्र असून ध्रुवांकडे एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे क्षेत्रफळ अचूक राहूनही खंडांच्या आकृत्या फार बिघडत नाहीत. लोकसंख्येची घनता, जंगलांचे प्रमाण किंवा पिकांखालची जमीन रंगांनी दाखवायची असेल तेथे असाच नकाशा वापरावा लागतो, कारण तेथे रंगाने व्यापलेली जागा हीच माहिती असते. मर्केटरवर तसा नकाशा रंगवला तर कॅनडा आणि सायबेरियाचा रंग सगळ्या चित्रावर पसरतो.

खुद्द ध्रुवीय प्रदेशांचा अभ्यास करणारे लोक मात्र नकाशाचा मध्यच हलवतात. ध्रुव मध्यभागी, रेखावृत्ते तेथून बाहेर जाणाऱ्या सरळ रेषा आणि अक्षवृत्ते एकात एक असलेली वर्तुळे, अशा रचनेतही क्षेत्रफळ जपणारा प्रकार लाम्बर्ट यांनीच दिला होता, आणि आर्क्टिकवरील समुद्री बर्फाने व्यापलेले क्षेत्र मोजायला तो सोयीचा असतो. त्यात स्वालबार्डची आकृती आणि क्षेत्रफळ दोन्ही जवळजवळ खरी उतरतात. विकृती आता आपल्या वाट्याला येते. हा नकाशा आपल्यापर्यंत वाढवला तर इंदूरच्या अक्षांशावर प्रदेश पूर्व-पश्चिम १.२ पट रुंदावतो आणि उत्तर-दक्षिण ०.८३ पट आखडतो. मध्य प्रदेशाचे क्षेत्रफळ ३.०८ लाखच राहते, फक्त राज्य थोडे आडवे झालेले दिसते.